लोखंड महागलं, करारात कलमही होतं. मग फरकाचं बिल परत का येतं? सचिनच्या शेडवाल्यांचा हिशोब

सुरतेजवळच्या सचिन जीआयडीसीत कापड प्रोसेसिंगच्या मोठ्या युनिटांच्या अधेमधे फॅब्रिकेशनची छोटी वर्कशॉपं आहेत. अँगल, चॅनल आणि प्लेट आणायची, कापायची, वेल्डिंग करायची, रंग मारायचा आणि ट्रकवर चढवायची, हे त्यांचं काम. कारागिरांत खानदेशातली माणसं पुष्कळ, आणि काही ठिकाणी मालकही आपल्याकडचेच. त्यातल्या काहींचा माल उलट्या दिशेने, म्हणजे आपल्या बाजूला येतो. नवापूरच्या एमआयडीसीत सुरतेकडून सरकलेले कापड कारखाने उभे राहिले, त्यांना लोखंडी शेड लागतात. अशा ऑर्डरी वर्ष-दीड वर्ष चालतात. तेवढ्या काळात लोखंडाचा भाव एका जागी थांबत नाही.

म्हणून अशा करारात दरवाढीचं कलम घातलेलं असतं. कच्चा माल महागला तर पुरवठादाराला फरक मिळेल, असं ते कलम सांगतं. तरीही फरकाचं बिल पाठवलं की ते परत येतं. कंपनीचा अकाउंटवाला सांगतो, "हे असं चालणार नाही." मालकाला वाटतं, समोरची पार्टी बुडवायला बसली आहे. कधी कधी तसं असतंही. पण पुष्कळदा कलम धड असतं आणि बिल मात्र कलमाप्रमाणे केलेलं नसतं. फरक कुठे अडकतो, ते एक हिशोब मांडून पाहू.

कलम खरेदीचं बिल भरून देत नाही

पहिला गैरसमज इथेच होतो. मालक लोखंडाच्या व्यापाऱ्याची दोन बिलं जोडतो. एक ऑर्डर घेतली तेव्हाचं आणि एक आत्ताचं. दोन्हींतला फरक काढून तो कंपनीकडे मागतो. वरवर पाहता यात चूक काही दिसत नाही, कारण खिशातून तेवढेच पैसे जास्त गेलेले असतात.

पण बहुतेक लांब करारांतलं कलम प्रत्यक्ष खरेदीवर चालत नाही, ते निर्देशांकावर चालतं. केंद्र सरकारच्या उद्योग खात्यातलं आर्थिक सल्लागाराचं कार्यालय दर महिन्याला घाऊक किंमत निर्देशांक जाहीर करतं. त्यात लोखंड-पोलादाच्या निरनिराळ्या प्रकारांचे वेगळे आकडे असतात. करारात त्यातला एक आकडा धरलेला असतो. तो आकडा जितके टक्के हलेल, तितके टक्के बिलातला मालाचा हिस्सा हलतो. तुम्ही कोणाकडून घेतलं, किती भावाने घेतलं, उधारीवर घेतलं की रोख, याच्याशी कलमाला घेणंदेणं नाही.

सरकारी कामांतही हाच पाया आहे. महाराष्ट्र सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदेत सळई आणि सिमेंटसाठी आधी एक 'स्टार रेट' धरलेला असतो, आणि निर्देशांक हलेल त्या प्रमाणात तेवढ्या टनांचा फरक काढला जातो. केंद्रीय बांधकाम खात्याचं कलम १० सीए याच धर्तीवर चालतं. ठेकेदाराने प्रत्यक्ष किती मोजले, हे दोन्हीकडे विचारलं जात नाही. यामागचं कारण साधं आहे. खरेदीची बिलं धरली तर महाग घेणाऱ्याला बक्षीस मिळतं आणि घासाघीस करून स्वस्त आणणाऱ्याचा तोटा होतो.

एक नमुन्याचा हिशोब

समजा, सचिनच्या एका वर्कशॉपने नवापूरच्या एका कारखान्याला शेडचं तयार लोखंडी काम पुरवायचा १८ महिन्यांचा करार केला. एकूण २०० टन, दर टनाला ९५,००० रुपये, जीएसटी वेगळा. करारात लिहिलंय की दरातला ६० टक्के हिस्सा लोखंडाचा आहे आणि तो निर्देशांकाप्रमाणे हलेल. उरलेला ४० टक्के, म्हणजे मजुरी, वीज, रंग, भाडं आणि नफा, शेवटपर्यंत स्थिर राहील. ऑर्डरच्या महिन्यात निर्देशांक १२० होता. आठ महिन्यांनी ४० टनांची खेप गेली, त्या महिन्यात तो १३८ झाला. (हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या विशिष्ट महिन्याचे नाहीत.)

सूत्र असं:

फरक = मूळ बिल × ०.६० × (चालू निर्देशांक − मूळ निर्देशांक) ÷ मूळ निर्देशांक

मूळ बिल ४० × ९५,००० म्हणजे ३८,००,००० रुपये. त्यातला लोखंडाचा हिस्सा २२,८०,०००. निर्देशांक १२० वरून १३८ वर गेला, म्हणजे १५ टक्के. २२,८०,००० चे १५ टक्के म्हणजे ३,४२,००० रुपये. टनामागे हे ८,५५० रुपये पडतात.

आता मालकाने केलेला हिशोब बघा. त्याने ऑर्डरच्या वेळी लोखंड ५७,००० रुपये टनाने धरलं होतं आणि प्रत्यक्षात ६६,५०० ने घेतलं. टनाला ९,५०० जास्त, ४० टनांचे ३,८०,०००. त्याने तेवढं बिल पाठवलं. कंपनीने सूत्र लावून पाहिलं, आकडा जुळला नाही, बिल परत. वाद ३८,००० रुपयांचा, पण अडकून राहिले सगळे ३,८०,०००. या ३८ लाखांच्या खेपेत ८ टक्के नफा धरला होता असं मानलं तर तो ३,०४,००० होतो. म्हणजे फरकाची रक्कम खेपेच्या सगळ्या नफ्यापेक्षा मोठी आहे. ती हातात आली नाही तर आठ महिने राबून ती खेप तोट्यात गेली.

पाच टक्क्यांची ओळ

याच करारात आणखी एक वाक्य असू शकतं: '५ टक्क्यांपर्यंतची वाढ पुरवठादार सोसेल.' वाचायला सोपं वाटतं, पण त्याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे, वाढ ५ टक्क्यांच्या वर गेली की पूर्ण १५ टक्के द्यायचे. दुसरा, पहिले ५ टक्के कायमचे तुमचे, वरचे १० टक्केच मिळणार. पहिल्या अर्थाने फरक ३,४२,००० होतो, दुसऱ्याने २,२८,०००. एका खेपेत १,१४,००० चा झगडा, आणि तोही एका वाक्याच्या अर्थावरून.

यावर उपाय सही करण्याआधीच करता येतो. त्या वाक्याखाली एक उदाहरण आकड्यांत लिहून घ्यायचं: 'निर्देशांक १२० वरून १३८ झाल्यास देय फरक इतका.' दोन ओळींचं काम आहे. उदाहरण लिहिलं की दोन अर्थ उरत नाहीत.

दुसरी बघायची गोष्ट परचेस ऑर्डरच्या पाठीमागे असते. तिथे बारीक अक्षरांत छापलेल्या अटींत 'दर पक्के, कोणतीही वाढ मान्य नाही' अशी ओळ पुष्कळदा असते. पुढे टाइप केलेल्या खास अटींत दरवाढीचं कलम आणि मागे छापील नकार. कोणती अट वरचढ ठरेल, हे करारातच लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर ती छापील ओळ खोडून दोघांनी सही करावी.

महिना कोणाचा धरायचा?

सूत्र मान्य झालं तरी 'चालू निर्देशांक' म्हणजे कोणत्या महिन्याचा, हा प्रश्न राहतोच. लोखंड घेतलं त्या महिन्याचा, माल निघाला त्या महिन्याचा, की बिल पास झालं त्या महिन्याचा? पुरवठ्याच्या करारात बहुधा माल पाठवल्याचा महिना धरतात. फॅब्रिकेशनवाल्याची खरी जोखीम इथे आहे. तो लोखंड आधी घेतो, कापणी-वेल्डिंगला दीड-दोन महिने जातात, मग माल निघतो.

२०२२ साल आठवा. लोखंडाचे भाव एप्रिलमध्ये चांगलेच चढलेले होते. मे महिन्यात केंद्राने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं आणि भाव उतरू लागले. ते शुल्क नोव्हेंबरमध्ये काढलं. ज्याने एप्रिलमध्ये चढ्या भावाने लोखंड घेतलं आणि जुलैमध्ये शेड पाठवली, त्याला कलमाने जुलैचा उतरलेला निर्देशांक दिला. कलम होतं, तरी तोटा झाला. कलमाची ही मर्यादा आहे, ती भांडून सुटत नाही. करार करतानाच 'माल पाठवण्याच्या दोन महिने आधीचा निर्देशांक' असं लिहून घेतलं तर सुटते.

उशिराचंही तसंच. माल पुरवठादारामुळे उशिरा गेला, तर बहुतेक करारांत ठरलेल्या तारखेचा आणि प्रत्यक्ष तारखेचा यांपैकी कमी निर्देशांक धरतात. पण नवापूरला पावसाळ्यात पाया भरून झाला नाही म्हणून कारखानदारानेच 'थांबा' सांगितलं असेल, तर ते पत्रात किंवा मेलवर हवं. फोनवरचं 'थांबा' सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही. ज्याच्यामुळे काम लांबलं त्याने वाढीचा भार उचलायचा, या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये पी. एम. पॉल यांच्या प्रकरणात लवादाने दिलेली भाववाढ कायम ठेवली होती. पण उशीर कोणामुळे झाला, हे कागदावर दाखवता आलं तरच हे तत्त्व कामी येतं.

फरकाचं बिल वेगळंच का करावं लागतं

आता मुख्य मुद्दा, बिलाचा. मार्चमध्ये ट्रक निघाला. ट्रकबरोबर टॅक्स इन्व्हॉइस आणि ई-वे बिल जायलाच हवं. पण मार्चचा निर्देशांक एप्रिलच्या मध्यावर जाहीर होतो. म्हणजे ट्रक निघताना खरा दर कोणालाच ठाऊक नसतो. त्या दिवशीचं बिल मूळ दरानेच होणार, ९५,००० ने. फरक नंतरच काढता येतो.

तो नंतर काढताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, पुढच्या खेपेच्या बिलात दर वाढवून मागचा फरक वसूल करायचा. परचेस ऑर्डरवर दर ९५,००० आणि बिलात १,०३,५५० दिसला की कंपनीचं स्टोअर आणि कॉम्प्युटर दोन्ही बिल अडवतात. शिवाय मागच्या महिन्याचा फरक पुढच्या महिन्याच्या मालात मिसळतो, आणि मग कोणाचाच हिशोब लागत नाही. दुसरी चूक, साध्या लेटरहेडवर 'फरक येणे' असं लिहून पाठवायचं. त्यावर जीएसटी नसतो, म्हणून कंपनीला त्याचं क्रेडिट मिळत नाही आणि अकाउंटवाला तो कागद बाजूला ठेवतो.

कायद्यात यासाठी जागा आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ३४ सांगतं की आधीच्या बिलात किंमत किंवा कर कमी लागला असेल तर पुरवठादाराने डेबिट नोट द्यायची. पुरवणी बिल हेही डेबिट नोटच मानलं जातं. एका डेबिट नोटमध्ये अनेक जुन्या बिलांचा फरक एकत्र घेता येतो. मात्र ज्या बिलांवरचा फरक आहे त्यांचे नंबर आणि तारखा त्यात लागतात.

आपल्या उदाहरणात फरक ३,४२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६१,५६०, एकूण ४,०३,५६० रुपयांची डेबिट नोट होईल. माल गुजरातेतून महाराष्ट्रात गेलाय, मूळ बिलावर आयजीएसटी लागलाय, म्हणून इथेही आयजीएसटीच. नवापूर स्टेशनवर एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत असेल, पण करात असं अर्धं-अर्धं चालत नाही. डेबिट नोटवर सीजीएसटी-एसजीएसटी लावला तर कर चुकीच्या खात्यात जातो. डेबिट नोटबरोबर माल हलत नसल्याने ई-वे बिल लागत नाही. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर मात्र बिलासारखाच डेबिट नोटलाही ई-इन्व्हॉइसचा नंबर घ्यावा लागतो.

सोबत हिशोबाचं एक पान जोडावं. त्यात मूळ बिलांचे नंबर, टन, मूळ रक्कम, ६० टक्के हिस्सा, दोन्ही निर्देशांक आणि सूत्र असावं, आणि निर्देशांकाच्या सरकारी पत्रकाची प्रत मागे लावावी. अकाउंटवाल्याला दोन मिनिटांत आकडा पडताळता आला, तर नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरत नाही. ४,०३,५६० मधले ६१,५६० कंपनीला क्रेडिट म्हणून मिळणार असतात, हेही त्याला दिसतं.

एक गोष्ट आणखी. पहिल्यांदा जाहीर होणारा निर्देशांक तात्पुरता असतो, सुमारे दहा आठवड्यांनी तो पक्का होतो. आपल्या उदाहरणात १३८ चा पक्का आकडा १३९.२ झाला, तर वाढ १६ टक्के होते आणि फरक ३,६४,८००. म्हणजे अजून २२,८०० यायचे, त्यासाठी दुसरी डेबिट नोट. म्हणून पहिल्या नोटवर 'तात्पुरत्या निर्देशांकानुसार' असं लिहिणं गरजेचं आहे. आणि अगदी मूळ बिलावरही एक ओळ हवी: 'दर करारातील दरवाढ कलमाच्या अधीन, फरक स्वतंत्र आकारला जाईल.' ही ओळ नसलेली दहा बिलं निमूट पास झाली, तर समोरचा म्हणतो, तुम्ही तर मूळ दरच मान्य केला होता. शेवटच्या बिलावर 'आता काही येणे नाही' असं लिहून सही केली, तर उरलेला फरक मागणं फार अवघड होतं.

पुण्याचा निकाल आणि रेल्वेचे रूळ

फरक उशिरा आकारला तर कर आणि व्याजाचं काय, हा प्रश्न जीएसटीच्या आधीपासूनचा आहे. पुण्यात बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफ इंडियाने गिऱ्हाइकांशी दर मागील तारखेपासून वाढवून घेतले, पुरवणी बिलं केली आणि वाढीव रकमेवर अबकारी करही भरला. खात्याने व्याज मागितलं. कंपनीचं म्हणणं, माल निघाला त्या दिवशी जो दर होता त्यावर आम्ही पूर्ण कर भरला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये खात्याची बाजू उचलून धरली. दर मागील तारखेपासून वाढला, म्हणजे त्या दिवशीची किंमतच जास्त होती, म्हणून कर त्या दिवशी कमी पडला आणि व्याज लागणार.

पुढे स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात हाच प्रश्न परत आला. माल होता भारतीय रेल्वेला दिलेले रूळ, आणि दर नंतर मागील तारखेपासून वाढले होते. २०१५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी एसकेएफच्या निकालावर शंका घेतली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं. मे २०१९ मध्ये त्या पीठाने जुना निकालच कायम ठेवला. सरकारी कंपनीने सरकारी रेल्वेला विकलेल्या मालावरही व्याज सुटलं नाही.

जीएसटीत मांडणी बदलली आहे. डेबिट नोट ज्या महिन्यात दिली त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दाखवून कर भरायचा, असं कलम ३४ म्हणतं. त्यामुळे वेळेवर केलेल्या डेबिट नोटवर मागचं व्याज लागू नये, अशी पुरवठादाराची बाजू अबकारीच्या काळापेक्षा भक्कम आहे. पण निर्देशांक जाहीर होऊन वर्ष झालं, आकडा काढता येत होता, तरी नोट केली नाही, अशा ठिकाणी जुना वाद नव्या रूपात येऊ शकतो. म्हणून निर्देशांक आला की त्याच महिन्यात नोट काढणं सगळ्यात सुरक्षित. जुलै २०१७ च्या आधी केलेल्या करारांना तर कायद्यानेच दरवाढीपासून ३० दिवसांची मुदत घातली होती.

भाव उतरला तर?

कलम दोन्हीकडे चालतं, हे विसरलं जातं. निर्देशांक १२० च्या खाली गेला तर फरक कारखानदाराचा, आणि पुरवठादाराला क्रेडिट नोट द्यावी लागते. इथे मुदतीचा फास आहे. त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं असेल तर तोपर्यंत, क्रेडिट नोट दाखवली नाही, तर कमी झालेल्या रकमेवरचा कर परत धरता येत नाही. शिवाय समोरच्यानेही तेवढं क्रेडिट उलटवलं पाहिजे. डेबिट नोटला कलम ३४ मध्ये अशी शेवटची तारीख नाही.

भाव उतरल्यावर बरेच जण गप्प बसतात आणि कंपनी विसरेल अशी आशा धरतात. कंपनी विसरत नाही. शेवटच्या बिलातून ती ते पैसे एकरकमी कापते, आणि तोवर नोव्हेंबर उलटलेला असतो. मग किंमतही गेली आणि भरलेला करही गेला. म्हणून प्रत्येक खेपेनंतर वर असो की खाली, फरक काढायचा आणि नोट करायची. २०० टनांच्या ऑर्डरमध्ये पाच खेपा असतील, तर पाच वेळा अर्धा-अर्धा तास बसायचं काम आहे. एका खेपेचा फरक साडेतीन लाखांवर जाऊ शकतो, हे वर पाहिलंच.